५३-एन क्रमांकाची बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून आलेली होती आणि त्या दिवशी तिच्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या. पुढच्या काही दिवसांत गावात धनुर्वाताचे रोगी दिसू लागले. त्यांपैकी १९ जण दगावले. या सगळ्यांना ५३-एन असा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतून लस दिलेली होती. उरलेल्या ८८ जणांपैकी कुणीही धनुर्वाताने गेले नाही.

लस तयार करणारा वाल्देमार हाफकिन हा प्रयोगशाळेचा प्रमुख. त्याच्याविरुद्ध चौकशी आयोग बसला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष झाले. बाटलीचे बूच निघण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, जंतू आत शिरले होते असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिनचे पद गेले. १९०७च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत वैद्यकतज्ज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा आरोप साफ खोटा ठरल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिनवरचा ठपका मागे घेतला.

या प्रकरणाकडे बहुधा एका थोर माणसावरच्या अन्यायाची कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते वावगे नाही. पण तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे आणखी एक गोष्ट सापडते. पुरावा बहुतांशी तोच, त्याच्याकडे पाहणारी दोन्ही बाजूंची माणसे शिकलेली, तरी निष्कर्ष एकमेकांच्या उलटे. याचा अर्थ कुणाचा तरी युक्तिवाद कच्चा होता. तो नेमका कुठे कच्चा होता आणि किती, हे सांगायला ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे दोन शेरे पुरत नाहीत.

आयोगाच्या निष्कर्षाचा सांगाडा असा मांडता येतो: जंतू बूच काढण्यापूर्वी आत गेले किंवा बूच काढताना वा काढल्यावर गेले, बूच काढताना वा काढल्यावर ते गेलेले नाहीत, म्हणून ते बूच काढण्यापूर्वीच गेले. हा युक्तिवाद वैध आहे. दोन्ही आधारविधाने खरी असली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही, आणि निगामी युक्तिवादाकडून वैधता एवढेच मागते. तिला ‘किती’ हा प्रश्न लागू पडत नाही. एखादा युक्तिवाद थोडासा वैध किंवा बराचसा वैध असे होत नाही. शिवाय ती एकदा असली की नवी माहिती तिला धक्का लावू शकत नाही. आधारविधानांत आणखी शंभर विधाने घातली तरी सांगाडा वैधच राहतो.

मात्र वैधता फक्त विधानांमधल्या नात्याबद्दल बोलते. ‘जंतू बूच काढल्यावर गेले नाहीत’ हे दुसरे विधान खरे आहे की नाही, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आयोगाचा सगळा भार त्याच विधानावर होता आणि ते विधान कुठल्याही निगमनातून आलेले नव्हते. मुल्कोवालला पुरेशी स्वच्छता पाळली गेली होती, असे साक्षींवरून अजमावून ते ठरवलेले होते. अजमावून ठरवणे हे विगमनाचे काम. तिथे मात्र ‘किती’ हाच मुख्य प्रश्न असतो.

‘किती’चे उत्तर कसे काढायचे, हे पाहण्यासाठी मुल्कोवाल क्षणभर बाजूला ठेवून हाफकिनच्याच आधीच्या कामाकडे वळावे लागेल. १८९७च्या जानेवारीत त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात ती वापरली. तुरुंगात प्लेग शिरलेला होता. जे कैदी आपणहून पुढे आले, त्यांना लस दिली गेली. ते दीडशेच्या आसपास होते. न टोचलेले त्यांच्याहून थोडे जास्त होते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि एकही दगावला नाही. यावरून लस उपयोगी आहे असे म्हणणे सबळ आहे का? आहे, पण बेताचे. स्वतःहून पुढे येणारा कैदी कदाचित मुळातच धडधाकट असेल, कदाचित वेगळ्या बराकीतला असेल. लस निव्वळ पाणी असती तरी असा फरक दिसण्याच्या दोन-चार वाटा शिल्लक होत्या.

वर्षभराने उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकाला लस देण्यात आली. इथे कुणी पुढे यायचे हा प्रश्न उरला नाही. आणि १८९८च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी याहून बारीक काम झाले. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली गेली, निम्मी तशीच ठेवली गेली. म्हातारे, पोरे, आजारी यांची वाटणीही शक्य तितकी सारखी. नंतर २८ घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली आणि २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण झाली, ३ दगावले. न टोचलेल्यांच्या प्रमाणातच टोचलेल्यांना लागण झाली असती, तर त्यांच्यात सुमारे ३० रोगी दिसायला हवे होते.

तिन्ही ठिकाणी निष्कर्ष एकच, युक्तिवादाचा साचाही एकच. भायखळ्याचा तुरुंग मात्र खालच्या पायरीवर बसतो आणि उंढेरा वरच्या. माणसांची संख्या उलट भायखळ्यात जास्त होती, त्यामुळे पायरी संख्येने ठरलेली नाही. ती ठरली आहे एका प्रश्नाने: लस निरुपयोगी आहे असे गृहीत धरले, तर हाती आलेले आकडे समजावून सांगायला किती मोडतोड करावी लागेल? भायखळ्यात फारशी नाही. उंढेऱ्यात, एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच उंदराच्या वावरात असलेल्या घरात टोचलेला भाऊ वाचतो आणि न टोचलेला जातो, हे पुन्हा पुन्हा का घडावे याचे दुसरे कारण सापडतच नाही.

न्यायदर्शनात याच जागेला उपाधी म्हणतात. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असे कुणी म्हटले तर नैयायिक ओल्या सरपणाकडे बोट दाखवतो: धूर ओल्या सरपणाने होतो, आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. अनुमानात दडलेली अशी अट शोधणे म्हणजेच त्याची पायरी तपासणे. भायखळ्यातली उपाधी होती ‘स्वतःहून पुढे येणे’. उमरखाडीत ती काढली गेली आणि उंढेऱ्यात घर, शेजार, खाणेपिणे या आणखी काही संशयितांचीही सोय लागली.

इथे एक सावधगिरी लागते. आधार हा पुरावा आणि निष्कर्ष या जोडीचा असतो, एकट्या पुराव्याचा नव्हे. ‘या लशीने उंढेऱ्यात त्या हंगामात प्लेग कमी झाला’ या निष्कर्षाला वरचे आकडे भक्कम टेकू देतात. ‘लस वर्षभर संरक्षण देते’ याला तेच आकडे जवळजवळ काहीच देत नाहीत. आकडे बदलले नाहीत, निष्कर्षाची उडी लांबली. पुरावा चांगला आहे म्हणून त्यावरचे सगळेच निष्कर्ष चांगले, ही चूक संशोधनाच्या बातम्यांत रोज भेटते.

आता मुल्कोवालच्या टेबलावर पडलेले पुरावे एकेक करून या पायऱ्यांवर चढवता येतील.

सगळ्यात ठळक पुरावा हा की सारे मृत एकाच बाटलीतले. दोष ५३-एनमधल्या द्रवात होता आणि लशीच्या मूळ कल्पनेत नव्हता, या निष्कर्षाला तो अतिशय सबळ आधार देतो. लशीतच काही घातक असते तर उरलेल्या चार बाटल्यांनी ८८ जणांना का सोडले असते? धनुर्वाताचे जंतू बाटलीत उरलेल्या द्रवातही आढळले, तेव्हा या पहिल्या निष्कर्षाबद्दल वादाला जागा उरली नाही.

पण आयोगापुढचा प्रश्न हा नव्हता. प्रश्न होता परळ की मुल्कोवाल. त्या प्रश्नापुरती हीच दोन ठळक तथ्ये जवळपास निरुपयोगी होतात. परळला बाटली भरताना जंतू गेले असते तरी एकाच बाटलीतली माणसे गेली असती आणि द्रवात जंतू सापडले असते. मुल्कोवालला बूच काढताना गेले असते तरी तेच. दोन्ही प्रतिस्पर्धी कथा जो पुरावा सारख्याच सहजतेने गिळतात, तो त्यांच्यात निवाडा करू शकत नाही, मग तो कितीही हादरवणारा असो. एकोणीस मृत्यूंचे वजन मनावर पडते. आयोगावरही पडले असेल. निवाड्याच्या तराजूत मात्र त्याचे माप शून्य.

परळविरुद्धचा खरा मुद्दा कार्बॉलिक ॲसिडचा होता. लस तयार करताना पूर्वी त्यात थोडे कार्बॉलिक घालत. वाढत्या मागणीमुळे हाफकिनने पद्धत बदलली, कार्बॉलिक वगळले आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. आयोगाने हा बदल गंभीर मानला. त्यामागचा विचार सरळ भाषेत मांडला तर असा होतो: कार्बॉलिक असते तर जंतू वाढले नसते, कार्बॉलिक नव्हते, म्हणून परळला जंतू वाढले. निगामी युक्तिवाद म्हणून हा सपशेल अवैध आहे. छत्री असती तर भिजलो नसतो आणि छत्री नव्हती, एवढ्यावरून भिजलोच असे ठरत नाही. पाऊस पडला होता का, हेही विचारावे लागते.

तरीही त्याला अवैध म्हणून मोकळे होणे पुरेसे नाही. विगामी युक्तिवाद म्हणून त्याला थोडे तरी वजन असू शकते, कारण संरक्षणाचा एक अडसर काढल्यावर अपघाताची शक्यता वाढते. किती वाढते? इथे जंतुशास्त्र उपयोगी पडते. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९मध्ये धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याची बीजे किती चिवट असतात तेही दाखवले. पाच टक्के तीव्रतेच्या कार्बॉलिकमध्येही ती कित्येक तास तग धरतात. मग लशीतल्या त्याहून फार पातळ कार्बॉलिकने ती हमखास मेली असती, हे गृहीतकच डळमळते. कार्बॉलिक असण्या-नसण्याने फार फरक पडणार नसेल, तर ते नसण्याने परळवर येणारा संशयही फार वाढत नाही. तेव्हा हा मुद्दा अगदी खालच्या पायरीवर.

याच तथ्याचा दुसरा काठ मुल्कोवालकडे वळतो. बूच काढताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बॉलिकच्या पाण्यात बुडवून परत वापरला गेला, ज्योतीवर धरला गेला नाही. धनुर्वाताची बीजे मातीत असतात, विशेषतः गुरांचा वावर असलेल्या मातीत. कार्बॉलिकचे पाणी त्यांना काही क्षणांत मारू शकत नाही. म्हणजे ज्या कार्बॉलिकवर आयोगाने परळच्या बाबतीत एवढा विश्वास टाकला, त्याच्याकडून मुल्कोवालच्या चिमट्याच्या बाबतीतही आयोग तेवढीच अपेक्षा ठेवून बसला. दोन्हीकडे विश्वास अनाठायी, आणि दोन्हीकडे त्याचा परिणाम हाफकिनच्या विरुद्ध.

हाफकिनच्या बाजूचा सर्वांत देखणा मुद्दा वासाचा आहे. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत कित्येक आठवडे गेले होते. धनुर्वाताचे जंतू पोषक द्रवात वाढले की त्याला उग्र, कुजकट दर्प येतो. बाटली उघडली तेव्हा तिथल्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. म्हणून युक्तिवाद असा: परळलाच जंतू गेले असते तर उघडताना बाटलीला वास आला असता, वास आला नाही, म्हणून परळला जंतू गेले नाहीत. सांगाडा पुन्हा वैध, अगदी आयोगाच्या मूळ सांगाड्याइतकाच.

तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतली एक सवय इथे अडचणीत येते. निगमन खात्रीचे आणि विगमन संभाव्य, म्हणून पहिले वरच्या जातीचे, असे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. पण समोर दोन वैध युक्तिवाद आहेत, निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. दोन्ही खात्रीचे असूच शकत नाहीत. म्हणजे वैधतेने त्यांची क्रमवारी लागणार नाही. आधारविधाने किती भरवशाची, यावरच ती लागेल.

अमेरिकी तत्त्वज्ञ अर्नेस्ट ॲडम्स याने हा हिशेब नेमका मांडला. वैध युक्तिवादात निष्कर्षाबद्दलची अनिश्चितता ही सगळ्या आधारविधानांच्या अनिश्चिततेच्या बेरजेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. उदाहरणादाखल वासाच्या युक्तिवादातले आकडे कल्पून पाहावेत. ‘जंतू वाढले असते तर वास आला असता’ यावर दहापैकी नऊ भाग विश्वास आहे, कारण वाढ मंद असती तर वास अगदी सौम्य राहण्याची शक्यता उरते. ‘वास आला नाही’ यावरही दहापैकी नऊ भाग, कारण घाईत, उघड्या मैदानात, डॉक्टरने बाटली नाकाशी नीट धरली असेलच असे नाही. दोन्हीकडची एकेक भाग अनिश्चितता मिळून दोन. निष्कर्षाला निदान दहापैकी आठ भागांचा आधार मिळतो. वैधतेने दिलेली हमी एवढीच: यापेक्षा खाली जाणार नाही. आधारविधाने चार-पाच झाली आणि प्रत्येकात अशीच थोडी थोडी शंका असली, तर ही हमी निम्म्यावर येते, आणि तरीही युक्तिवाद पूर्णपणे वैधच असतो. वकिली लिखाणातल्या लांबलचक साखळ्या वाचताना हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रत्येक कडी पटते आणि शेवटचे टोक लोंबकळत असते.

याउलट उंढेऱ्याचा युक्तिवाद अवैध आहे. टोचलेले बव्हंशी वाचले म्हणून लस उपयोगी, यात आधारविधाने खरी असून निष्कर्ष खोटा असणे कल्पनेत शक्य आहे. तरी उंढेऱ्यावरून निघणारा निष्कर्ष वासाच्या निष्कर्षापेक्षा अधिक भरवशाचा आहे, असे कुणी म्हटले तर ते योग्यच ठरेल. युक्तिवादांची यादी लावायची तर ती दोन जातींत वाटून लावता येत नाही. एकाच मोजपट्टीवर, निष्कर्षाच्या पदरात शेवटी किती आधार पडतो, यावरच लावावी लागते.

सबळ युक्तिवाद ग्राह्य ठरण्यासाठी त्याची आधारविधाने खरी हवीत, आणि त्याशिवाय हाताशी असलेला कुठलाही महत्त्वाचा पुरावा बाजूला ठेवलेला नसावा. ही दुसरी अट निगमनाला नाही आणि विगमनाला टाळता येत नाही, कारण इथे एक नवे तथ्य सगळा डोलारा बदलू शकते. कार्बॉलिक वगळले एवढेच कळले असते तर परळवर संशय घेणे वाजवी होते. चिमटा मातीत पडल्याचे कळल्यावर तोच संशय तेवढाच ठेवणे वाजवी राहत नाही. आयोगासमोर चिमट्याची माहिती आलेली होती. त्याने तिचे वजन कमी धरले, आणि ते का, याचे समाधानकारक उत्तर त्याच्या निष्कर्षातून मिळत नाही.

वास आणि चिमटा हे दोन मुद्दे एकमेकांपासून बरेचसे स्वतंत्र आहेत, ही हाफकिनच्या बाजूची खरी ताकद. डॉक्टरच्या नाकावर अविश्वास दाखवला तरी चिमटा पडल्याचे खोटे होत नाही. एकावर एक टेकलेल्या पुराव्यांत एक ढासळला की पुढचाही जातो. वेगवेगळ्या जागी रोवलेले पुरावे तसे जात नाहीत. मुल्कोवालच्या बाजूने या दोघांचा एकत्र आधार कुठल्याही एकापेक्षा ठळकपणे जास्त भरतो.

एवढे मान्य करूनही ‘द टाइम्स’मधल्या पत्राच्या भाषेला एक आक्षेप घ्यायला हवा. आरोप सिद्ध झालेला नाही, हा निष्कर्ष आणि आरोप खोटा ठरलेला आहे, हा निष्कर्ष, दोन्ही वेगवेगळ्या उंचीचे आहेत. पहिल्याला उपलब्ध पुरावा अगदी पुरेसा होता. कुणाही माणसाचे पद काढून घ्यायला जेवढा आधार लागतो त्याच्या जवळपासही आयोग पोहोचला नव्हता. दुसऱ्यासाठी वासाबद्दलच्या एका स्मरणावर आणि बीजांच्या वाढीच्या वेगाबद्दलच्या अंदाजावर भिस्त ठेवावी लागते. तो निष्कर्षही संभाव्य आहे, बराच संभाव्य आहे, पण पहिल्याच्या एक पायरी खाली. रॉस हा लढाऊ स्वभावाचा माणूस होता आणि आपल्या सहकाऱ्यावरच्या अन्यायाने चिडलेला होता. त्याने मोठा दावा केला याचे नवल नाही. हाफकिनच्या सुटकेला मात्र लहान दावासुद्धा पुरेसा होता.

ठपका निघाल्यावर हाफकिन भारतात परतला तो कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याच्याकडे परत आली नाही. १९२५मध्ये तिला त्याचे नाव देण्यात आले.